क्लिक स्वस्त झाले पण ऑर्डर वाढत नाहीत? हे करून बघा

ऑनलाइन जाहिरातीत क्लिकचा रेट खाली येतोय पण ऑर्डर तिथेच अडकल्यात, असं असेल तर जाहिरात दाखवणाऱ्या सिस्टीमला टार्गेटच चुकीचं दिलंय, तिला स्वस्त क्लिक मागितले की ती गेम ॲपमध्ये चुकून बोट लागणारे लोक गोळा करून आणते (गुडहार्टचा नियम तो हाच, मापालाच टार्गेट केलं की माप बिघडतं).

1. जाहिरात कुठे कुठे दिसली ते सांगणारा प्लेसमेंट रिपोर्ट काढा आणि प्रत्येक जागेसाठी खर्च भागिले ऑर्डर करा. समजा सारख्याच खर्चात गेम ॲप्समधून 1000 क्लिक, 2 ऑर्डर आणि फीडमधून 200 क्लिक, 8 ऑर्डर, म्हणजे फीडचा क्लिक पाचपट महाग पण ऑर्डर चौपट स्वस्त पडली.
2. गेम ॲप्स बंद करा, ऑप्टिमायझेशन क्लिकवरून खरेदीवर न्या.

फक्त ऑर्डर अगदीच कमी येत असतील तर सिस्टीमला शिकायला डेटा पुरत नाही, तेव्हा काही दिवस 'कार्टमध्ये टाकलं' हे टार्गेट ठेवा, पण कायमचं नको, तेही शेवटी बिघडतंच.