शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी सीपीआर कार्यशाळा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी ती कशी आखावी

हॉल, माइक, मुख्याध्यापकांची परवानगी आणि अल्पोपाहार हे कुणीही जमवेल. मॅनिकिन मात्र फरशीवर पातळ योगा मॅट टाकून ठेवा. फोमची गादी स्वतःच दबते, त्यामुळे छाती किती दबली ते कळत नाही आणि सतरंजी घसरते.

उद्दिष्टे लिहिताना ‘जागरूकता निर्माण करणे’ खोडून टाका, कारण ते मोजता येत नाही. तीन उद्दिष्टे पुरतात. प्रत्येक जण दहा सेकंदांत ‘शुद्ध नाही, श्वास नीट नाही’ हे ओळखेल आणि 108 ला फोन लावायला सांगेल. प्रत्येक जण दोन मिनिटे न थांबता, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने छाती दाबेल. घशात घास अडकलेल्या माणसाला काय करायचे ते करून दाखवेल.

आता स्टेशन्स. बहुतेक कार्यशाळा इथेच फसतात. समजा कर्मचारी 24 आहेत. नेहमीची आखणी म्हणजे चार स्टेशन, प्रत्येकी सहा जण, पंधरा-पंधरा मिनिटे. त्यातल्या सीपीआरच्या स्टेशनवर मॅनिकिन एकच. पाच मिनिटे विद्यार्थी समजावतो, उरलेल्या दहा मिनिटांत सहा जणांचे हात लागायचे. वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत आणि दमायला लागल्यावर दाब कसा उथळ होतो हे कुणालाच अनुभवता येत नाही.

म्हणून छाती दाबण्याला स्टेशन करूच नका. त्यासाठी सुरुवातीची 45 मिनिटे सगळ्यांना एकत्र द्या. सहा मॅनिकिन मागवा, एकेकाशी चार कर्मचारी आणि दोन विद्यार्थी बसवा. पाच मिनिटे प्रात्यक्षिक, मग प्रत्येकाची दोन मिनिटांची पाळी. बदलाबदलीसह एक फेरी साधारण दहा मिनिटांची होते, म्हणजे तीन फेऱ्या सहज बसतात. मॅनिकिन तीनच मिळाले तर कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या करा, पण फेऱ्या कमी करू नका.

दोन विद्यार्थ्यांची कामे वेगळी ठेवा. एकाने फक्त घड्याळ बघायचे: 30 दाबांना 15 ते 18 सेकंद लागले तर गती बरोबर. 15 च्या आत संपले तर माणूस घाईत आहे आणि छाती पुरती वर येत नाही. दुसऱ्याने कोपर आणि तळहात बघायचे. हात छातीच्या मध्यभागी, खांदे थेट हातांवर, कोपर ताठ, दाब 5 ते 6 सेंटिमीटर आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर. एका वेळी एकच चूक सांगा. चार सूचना एकदम दिल्या की शिकणारा थांबतो, आणि थांबणे हीच सगळ्यात मोठी चूक. ‘छान, छान’ म्हणणारा विद्यार्थी इथे निरुपयोगी.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी बजावून ठेवा. शिक्षकांना नाडी तपासायला शिकवू नका. अननुभवी हाताला ती सापडत नाही आणि वेळ जातो. आणि जिवंत माणसाच्या छातीवर दाबून दाखवायचे नाही, हलकेसुद्धा नाही.

शाळा आहे, म्हणून दुसऱ्या फेरीत तोंडाने श्वास द्यायलाही शिकवा: 30 दाब, 2 श्वास. मोठ्या माणसाला फक्त छाती दाबणे चालते, पण लहान मुलाचे हृदय बऱ्याचदा श्वास अडल्यामुळे थांबते. मुलाची छाती जाडीच्या एक तृतीयांश, साधारण 5 सेंटिमीटर, दाबायची. प्रत्येकाला वेगळी फेस शील्ड द्या आणि पाळी बदलताना मॅनिकिनचे तोंड अल्कोहोल वाइपने पुसा.

यानंतर तीन छोटी स्टेशन्स, आठ-आठ जणांची, पंधरा मिनिटांची. पहिल्यावर ओळखणे आणि फोन. अधूनमधून येणारी खोल उचकीसारखी धाप म्हणजे श्वास नव्हे, हे विद्यार्थ्याने स्वतः अभिनय करून दाखवावे. चित्रावरून ते समजत नाही. फोन स्पीकरवर ठेवून पत्ता आणि कोणत्या गेटने यायचे ते सांगायला लावा. दुसऱ्यावर घास अडकणे: पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच झटके. झटके जिवंत माणसावर मारू नका, फक्त हातांची जागा दाखवा. तिसऱ्यावर एईडीचे ट्रेनर यंत्र. ते नसेल तर हे स्टेशन काढून तिथे ‘कोण काय करेल’ याची तालीम मैदानावर घ्या, खऱ्या अंतरावर.

गुडघे दुखणाऱ्यांना आणि गरोदर शिक्षिकांना बळेच बसवू नका. त्यांना मोजणी, फोन आणि गेटवर थांबण्याचे काम द्या.

शेवटच्या वीस मिनिटांत सहाही मॅनिकिनवर दोन-दोन मिनिटांची परीक्षा: गती, खोली, छाती वर येणे, मध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त न थांबणे. चारपैकी एक जरी चुकले तरी ते नाव यादीत लिहा आणि यादी कॉलेजच्या ट्यूटरकडे द्या. हात काही महिन्यांत विसरतात, म्हणून फेरसरावाची तारीख शाळा सोडण्यापूर्वीच ठरवा आणि त्या दिवशी यादीतल्यांना आधी घ्या.