डोरियन आणि मिक्सोलिडियन ऐकताना, वाजवताना या चुका टाळा

नव्याने शिकणाऱ्या कुणालाही डोरियन म्हणजे काय असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सी मेजर स्केल डीपासून डीपर्यंत वाजवायचा.’ मिक्सोलिडियन? ‘तोच स्केल जीपासून जीपर्यंत.’ कागदावर हे बरोबर आहे. पण एवढ्याच माहितीवर सराव सुरू केला की वर्षभर मोड वाजवूनही एकदासुद्धा मोड ऐकू येत नाही, आणि मला हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

कारण सोपं आहे. तुमची बोटं कुठून निघाली याच्याशी कानाला देणंघेणं नसतं. सूर कुठे विसावतो हे कान बघतो. खाली बेसवर सी वाजत असेल, कॉर्ड सी-एफ-जी असे फिरत असतील, तर तुम्ही डीपासून कितीही वेळा वर-खाली धावा, ऐकणाऱ्याला सी मेजरच ऐकू येणार. षड्ज सीच राहिला, तुम्ही फक्त रिषभापासून सुरुवात केलीत.

म्हणून मी तो पांढऱ्या पट्ट्यांचा हिशेब सोडायला सांगतो. एकच षड्ज धरा आणि त्याच्यापासून सूर ओळखा. डोरियनमध्ये गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे साध्या मायनरमध्ये धैवत कोमल असतो, तो इथे शुद्ध होतो. मिक्सोलिडियनमध्ये सगळे सूर मेजरचेच, फक्त निषाद कोमल. दोन्ही ठिकाणी सगळा फरक एका सुरात आहे. तो एक सूर कानात बसला नाही, तर गिटारच्या मानेवरचे रंगीत ठिपके पाठ करून काहीही हाती लागत नाही. ते ठिपक्यांचे तक्ते मला मुळीच आवडत नाहीत. बोटं पुढे जातात, कान मागे राहतो.

हा एक सूर हुकला की काय होतं, ते एका तालमीत जवळून पाहिलंय. ‘स्कारबरो फेअर’ बसवत होतो. सायमन आणि गार्फंकल यांच्या 1966च्या ध्वनिमुद्रणामुळे ही जुनी लोकधून जगभर पोहोचली, आणि डोरियनचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधायला जाऊ नये. आम्ही डी षड्ज धरला होता. गिटारवरच्या मुलाने ‘डी मायनरचे कॉर्ड’ शोधून यादी उतरवून आणली होती. त्या यादीत जी मायनर होता, त्यामुळे ‘रोझमेरी’ या शब्दापाशी तो जी मायनर वाजवायचा. त्याच जागी चाल शुद्ध धैवतावर जाते, म्हणजे बीवर. जी मायनरमध्ये मात्र बी फ्लॅट असतो. दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर, एकाच क्षणी. दर वेळी तिथे करकर व्हायची आणि दर वेळी तो गायिकेला म्हणायचा, ‘ताई, इथे तुमचा सूर चढतोय.’

ती बिचारी ऐकत गेली. पुढच्या तालमीला तिने धैवत उतरवला होता. करकर गेली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि गाणंही गेलं. त्या चालीत जो गारवा आहे, उदास असूनही मोकळं वाटतं, ते सगळं त्या एका शुद्ध धैवतात होतं. आता ते चारचौघांसारखं रडकं मायनर गाणं झालं होतं.

मी कॉर्ड बंद करायला सांगितले. गिटारवर नुसती डीची तार छेडत ठेवली आणि तिला ती ओळ पहिल्यांदा ऐकली होती तशी गायला लावलं. धैवत आपसूक शुद्ध लागला. मग जी मायनर काढून जी मेजर ठेवला, एवढाच काय तो बदल. डी मायनर षड्जाचा आणि त्याच्या चौथ्या सुरावर जी मेजर ही जोडी ऐकू आली की डोरियनचा संशय घ्यायचा. सांतानाच्या ‘ओये कोमो वा’मध्ये ए मायनर आणि डी यांचा झुलवा हाच आहे.

मिक्सोलिडियनमध्ये लोक उलटी चूक करतात: कोमल निषाद ‘दुरुस्त’ करतात. पाचव्या सुरावरचा मेजर कॉर्ड आणून षड्जावर परतायची सवय हाताला इतकी असते की बोटं आपोआप तिथे जातात. पण त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो. तो षड्जाकडे ओढ घेतो, आणि मिक्सोलिडियनला ती ओढच नको असते.

बीटल्सच्या 1968च्या ‘हे ज्यूड’मध्ये दोन्ही रंग एकाच गाण्यात मिळतात. कडव्यांमध्ये एफ मेजर आहे, सी सेव्हन्थ येतो, शुद्ध निषाद येतो आणि ओळ नीट एफवर बंद होते. मग शेवटचा तो लांबलचक ‘ना ना ना’चा भाग सुरू होतो: एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. ई फ्लॅट म्हणजे एफचा कोमल निषाद. आता प्रयोग करा. ई फ्लॅटच्या जागी सी वाजवा. प्रत्येक आवर्तन संपल्यासारखं वाटेल, चार वेळा म्हणून कंटाळा येईल. मूळ कॉर्ड परत आणा, मग तेच मिनिटांमागून मिनिटं चालू शकतं, कारण कुठेही दार बंद होत नाही. मिक्सोलिडियनचा मोकळा, ऐसपैस आवाज तो हाच.

अख्ख्या गाण्यावर एकच शिक्का मारू नका. ‘नॉर्वेजियन वुड’च्या कडव्यात ई मिक्सोलिडियन आहे. मधला भाग ई मायनर आणि ए यांच्यावर डोरियनकडे वळतो, आणि त्याच्या शेवटी बी सेव्हन्थ येऊन दोन्ही मोडांबाहेरचा डी शार्प देऊन जातो. ‘एलिनॉर रिग्बी’त कडव्याची चाल शुद्ध धैवत घेते, तर ‘लोनली पीपल’ या शब्दांखाली एक आवाज डी, सी शार्प, सी, बी असा पायरीपायरीने उतरतो. शुद्ध आणि कोमल दोन्ही धैवत लागोपाठ.

नुसते कॉर्ड वाचून मोड ठरवू नका. ‘स्वीट होम अलाबामा’चे डी, सी, जी घ्या. डी षड्ज वाटला तर मिक्सोलिडियन, जी वाटला तर साधा मेजर. वादक यावर अजून भांडतात, आणि दोन्ही बाजूंना आपापलं बरोबर ऐकू येतं.

काफी थाट आणि डोरियनचे सूर एकच, खमाज थाट आणि मिक्सोलिडियनचेही. ओळख म्हणून हे उपयोगी आहे. पण राग आणि मोड एक समजू नका. खमाज रागात आरोहाला शुद्ध निषाद येतो, रागाला स्वतःचं चलन असतं.

‘डोरियन म्हणजे गूढ, मिक्सोलिडियन म्हणजे आनंदी’ असल्या चिठ्ठ्या चिकटवू नका. लय आणि शब्द बदलले की त्या गळून पडतात.

सातही मोड एका आठवड्यात उरकायची घाई करणाऱ्यांना मी थांबवतो. माझी स्वतःची सवय अशी: तानपुऱ्यावर किंवा एका तारेवर षड्ज चालू ठेवायचा, काहीही न वाजवता आधी गायचं. सा, प, मग कोमल धैवतावर थांबायचं, परत पंचमावर यायचं. मग शुद्ध धैवत, परत पंचम. दहा मिनिटं एवढंच. ते झाल्यावर माइल्स डेव्हिसचं 1959चं ‘सो व्हॉट’ लावायचं. त्यात 16 मात्रागट डी डोरियन, मग 8 ई फ्लॅट डोरियन आणि पुन्हा 8 डी डोरियन, असा आराखडा फिरत राहतो. वाद्य बाजूला ठेवा आणि षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकला की हात वर करा. पहिल्या काही आवर्तनांत हात उशिरा वर जातो. तो वेळेवर जायला लागला की मगच गिटार उचला.