सर्कलमध्ये शिरताना, फिरताना आणि बाहेर पडताना या चुका टाळा

भाच्याला गाडी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. चार रस्त्यांचं मोठं सर्कल होतं आणि आम्हाला सरळ पलीकडे जायचं होतं. पठ्ठ्या शिरला तो थेट मधल्या बेटाला चिकटला. आमचा रस्ता आला, पण डावीकडे रिक्षा होती. रस्ता मागे गेला. पूर्ण फेरी झाली, रस्ता परत आला, आता डावीकडे टेम्पो. तिसऱ्या फेरीला त्याने विचारलं, "मामा, आता बाहेर कसं पडू?"

बाहेर पडायची अडचण बाहेर पडताना सुरू झालीच नव्हती. सर्कलच्या पन्नास मीटर आधी त्याने लेन चुकवली होती आणि तिसऱ्या फेरीपर्यंत तीच चूक निस्तरत होतो. सर्कलमधल्या बहुतेक चुका अशाच असतात, होतात एकीकडे आणि दिसतात दुसरीकडे.

उजवीकडून येणाऱ्याला वाट न देणे

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. त्यामुळे आपली सर्कलं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि मधलं बेट कायम तुमच्या उजव्या हाताला राहतं. सर्कलच्या तोंडाशी उभं राहिलं की आत फिरणारी गाडी तुमच्या उजवीकडूनच येते. ती आधीच आत आहे, म्हणून वाट तिची. तुम्ही थांबायचं.

हा नियम सौजन्यासाठी केलेला नाही. शिरणाऱ्यांनी घुसायचं आणि आतल्यांनी थांबायचं असं ठरवलं, तर काय होतं ते बघा. आतली गाडी थांबली की तिच्या मागची थांबते आणि ती नेमकी मागच्या रस्त्याच्या तोंडावर अडकते. त्या रस्त्याने बाहेर पडणाऱ्यांना जागा राहत नाही, तेही थांबतात. बघता बघता रांगेचं शेपूट गोल फिरून तिच्याच तोंडाला येऊन भिडतं. सर्कल भरलेलं, सगळ्यांना बाहेर पडायचंय, हलत मात्र कोणीच नाही. ब्रिटनमध्ये सर्कलं अशी गच्च होत, म्हणून १९६६ मध्ये आतल्या गाडीला प्राधान्य देण्याचा नियम देशभर लागू झाला आणि त्या गाठी सुटल्या. पॅरिसच्या विजय कमानीभोवतीच्या प्रसिद्ध सर्कलमध्ये मात्र अजूनही शिरणाऱ्याला प्राधान्य आहे. तिथली गर्दी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

"आपल्याकडे थांबलो तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल," हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते अगदी खोटंही नाही. पण थांबणं म्हणजे लांब उभं राहणं नव्हे. रेषेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे या, चाकं किंचित डावीकडे वळलेली ठेवा आणि नजर उजवीकडे. किती जागा मिळाली की शिरायचं, याचा साधा हिशेब आहे. मध्यम आकाराच्या सर्कलमध्ये गाडीच्या वाटेची त्रिज्या १५ मीटर धरली, तर एका रस्त्यापासून पुढच्या रस्त्यापर्यंतचं अंतर साधारण २४ मीटर भरतं. ताशी २५ किलोमीटरने येणारी गाडी ते साडेतीन सेकंदांत कापते. म्हणजे उजवीकडच्या आधीच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी दिसली, तर ती तुमच्यापुढे यायला साडेतीन सेकंदच आहेत. उभी गाडी हलवून आत नीट सामावून घ्यायला जवळपास तेवढाच वेळ जातो. अशा वेळी तिला जाऊ द्या. ती डावा इंडिकेटर देऊन तुमच्या आधीच बाहेर वळत असेल तर गोष्ट वेगळी, पण इंडिकेटरवर विसंबू नका. तिचं पुढचं चाक वळलेलं दिसलं की मग निघा.

इथेच एक चूक चांगले चालकही करतात. समोरच्या काचेच्या उजव्या कडेचा खांब सर्कलमधून येणारी अख्खी दुचाकी झाकू शकतो. दुचाकी वळसा घेत येते, तुम्ही पुढे सरकत असता, आणि दोघांचा वेग जुळला तर ती काही क्षण खांबाआडच राहते. "कुठून आली कळलंच नाही," असं म्हणणारा माणूस बऱ्याचदा खरं बोलत असतो. उपाय फुकटचा आहे. शिरण्याआधी कमरेतून वाकून मान एकदा पुढे आणि एकदा मागे करून बघा.

सगळ्यांनी डावी लेन धरणे, नाहीतर सगळ्यांनी उजवी

सर्कलला दोन लेन असतील तर कुठली घ्यायची ते सर्कलच्या आधी ठरतं. रस्त्यावर बाण रंगवले असतील तर विषय संपला, बाण सांगेल ते ऐकायचं. बाण नसतील, किंवा पावसाळ्यानंतर उरले नसतील, तेव्हा मनात घड्याळ धरा. तुम्ही सहावर उभे आहात, बारा म्हणजे सरळ समोर. बाराच्या आत, म्हणजे सात ते अकराच्या दरम्यान, बाहेर पडायचं असेल तर डावी लेन. बाराच्या पुढे जायचं असेल किंवा पूर्ण फिरून आल्या रस्त्याने परतायचं असेल तर उजवी. अगदी सरळ जायचं असेल तर डावी लेन घ्या. समोरच्या रस्त्यालाही दोन लेन असतील तर उजवीतून सरळ जाता येतं, पण मग बाहेर पडल्यावरही उजव्याच लेनमध्ये राहायचं.

हे घड्याळ पाच-सहा रस्त्यांच्या सर्कलमध्ये विशेष कामी येतं. तिथे नकाशातली बाई "तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा" म्हणते आणि तिसरा रस्ता सरळ आहे की उजवीकडे, ते तिच्या वाक्यातून कळत नाही. मोजताना डावीकडच्या पहिल्या रस्त्यापासून सुरुवात करायची. फक्त आत येणारा एकेरी रस्ता मोजायचा नाही, कारण तिथून बाहेर पडताच येत नाही.

उजवीकडे जायचं असूनही डाव्या लेनने कडेकडेने अख्खं सर्कल फिरणं, हा दुचाकीवाल्यांचा आवडता प्रकार. कडेला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात असा माणूस दोन बाहेरच्या रस्त्यांची तोंडं ओलांडतो आणि दोन्ही ठिकाणी आतल्या लेनमधून बाहेर पडणारी मोटार त्याच्या समोरून आडवी जाते. सायकलवाल्याला आतल्या लेनचा वेग झेपत नाही, त्याने कडेनेच जावं. पण उजवा हात लांब करून आपण अजून वळत नाही हे दाखवत राहावं, आणि गर्दी फार असेल तर खाली उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. स्कूटरला मात्र ही सबब नाही.

इंडिकेटर एकदाच, तोही उशिरा

आता एक पूर्ण फेरी मारून बघू. दक्षिणेकडून आलात, पूर्वेच्या रस्त्याला जायचंय. म्हणजे उजवीकडे, घड्याळात तीनवर. सर्कलच्या आधी आरशात बघून उजव्या लेनमध्ये या, उजवा इंडिकेटर लावा, वेग वीस-पंचवीसवर आणा. उजवीकडून येणाऱ्यांना वाट देऊन शिरा आणि आतल्या लेनमध्ये बेटाच्या कडेने राहा. पश्चिमेचा रस्ता डावीकडून गेला, हा पहिला. उत्तरेचा रस्ता आला, हा दुसरा. त्याचं तोंड ओलांडताक्षणी उजवा इंडिकेटर बंद, डावा चालू. डावा आरसा बघा, खांद्यावरून एक नजर टाका, जागा असेल तर बाहेरच्या लेनमध्ये या आणि पूर्वेच्या रस्त्याने बाहेर पडा.

उत्तरेच्या आणि पूर्वेच्या तोंडांमध्ये तुम्हाला तेवढेच साडेतीन सेकंद मिळतात. इंडिकेटर, आरसा, नजर, वळण, सगळं त्यात बसवायचं. म्हणून "दुसरा रस्ता गेला की लगेच" ही खूण पक्की करा. आपला रस्ता दिसल्यावर इंडिकेटर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो. उलट टोकाची चूक म्हणजे शिरतानाच डावा इंडिकेटर लावून फिरत राहणं. पश्चिमेच्या तोंडावर थांबलेला माणूस समजतो तुम्ही तिकडेच वळताय, आणि तो गाडी पुढे काढतो. पुढच्या भांडणात चूक निम्मी तुमची.

सरळ जायचं असेल तर शिरताना कुठलाही इंडिकेटर नको, आपल्या आधीचा रस्ता ओलांडला की डावा. पहिल्याच रस्त्याने डावीकडे जायचं असेल तर सुरुवातीपासून बाहेर पडेपर्यंत डावाच.

रस्ता चुकला म्हणून आतच थांबणे

बाहेरच्या लेनमध्ये जागा मिळाली नाही? पुन्हा फिरा. उजवा इंडिकेटर लावून आतल्या लेनमध्येच राहा, अर्धा मिनिटही जात नाही. माझ्या भाच्याने लेन चुकवली खरी, पण तीन फेऱ्या मारताना एकदाही ब्रेक दाबून मध्येच उभा राहिला नाही की कोणाच्या पुढ्यात घुसला नाही. तेवढ्यासाठी मी त्याला चहा पाजला. बाहेर पडायचा रस्ता निसटला म्हणून चार फूट रिव्हर्स घेणारे मी पाहिलेत. त्यांच्या मागचा माणूस तेव्हा उजवीकडे बघत असतो, समोरची गाडी मागे येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

याच्याच जवळची चूक म्हणजे वळसा वाचवण्यासाठी बेटाच्या उजव्या अंगाने, उलट्या दिशेने कटणं. तिथे तोंडाशी थांबलेला प्रत्येक चालक उजवीकडे बघतोय आणि तुम्ही त्याच्या डावीकडून येताय.

बस-ट्रकच्या शेजारी राहणे

लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला कापत येतात. सर्कलमध्ये हे तीनदा घडतं आणि दर वेळी बाजू बदलते. शिरताना गाडी डावीकडे वळते, मागची चाकं डाव्या कडेला घासत येतात. फिरताना ती उजवीकडे वळते, तेव्हा तीच चाकं बेटाकडच्या लेनमध्ये घुसतात. बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. म्हणजे बसच्या डावीकडची फट फिरताना मोठी दिसते आणि बाहेर पडताना मिटते, त्या वेळी तिथे दुचाकी असली तर सुटायला जागा नाही. बस सुरुवातीला उजवीकडे सरकली तर ती तुम्हाला वाट देतेय असं समजू नका. शेपूट कडेला लागू नये म्हणून ती आधी लांबून वळण घेतेय. अशा गाडीच्या मागे राहा, इतकं मागे की तिचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील.

दुबईला किंवा मस्कतला नोकरीसाठी गेलेल्यांनी हे सगळं उलटं करून वाचावं. तिथे सर्कल घड्याळाच्या उलट फिरतं, बेट डाव्या हाताला असतं, आणि वाट द्यायची ती डावीकडून येणाऱ्याला. सुटीत घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मान सवयीने चुकीच्या बाजूला वळते, हे लक्षात ठेवून निघा.