दगड निवडण्याआधी: ग्रॅनाइट, वालुकाश्म आणि संगमरवर पारखण्याची तयारी

नमुने मागवण्याआधी एक कागद घ्या आणि दगड कुठे कुठे बसणार आहे ते लिहून काढा. जोतं, बाहेरच्या पायऱ्या, खिडकीखालचा दगड, गच्चीच्या कठड्यावरचा दगड, बाहेरच्या भिंतीवरचं आच्छादन, आतली फरशी. मग प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: पाणी कुठून येतं, किती वेळ थांबतं आणि वाळायला वाट आहे का. या कागदाशिवाय दगडाच्या दुकानात गेलात तर तुम्ही रंगच निवडून परत याल. जोत्याला पाणी जमिनीतून वर चढतं आणि सोबत क्षार आणतं. कठड्यावरच्या दगडावर ते वरून पडतं आणि सपाट माथ्यावर थांबतं. आतल्या फरशीला पाण्यापेक्षा घासण्याचा त्रास जास्त. एकच दगड या सगळ्या जागांना चांगला, असं सहसा होत नाही.

दगडाच्या मजबुतीचा धसका बहुतेक जण चुकीच्या जागी घेतात, म्हणून तिचा हिशेब आधीच मांडून ठेवा. दहा मीटर उंच दगडी भिंत धरा. एका घनमीटर दगडाचं वजन साधारण २६०० किलो, म्हणजे भिंतीच्या तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर २.६ किलो भार आला. अमेरिकन मानकांनुसार बांधकामाच्या ग्रॅनाइटने किमान १३३० किलो दाब सोसावा, संगमरवराने ५३० आणि साध्या वालुकाश्माने २८०. यातला सगळ्यात कमजोर दगडही त्या भिंतीच्या भाराच्या शंभरपट सोसतो. वर छपराचं आणि मजल्यांचं ओझं आलं तरी नुसत्या दाबाने चिरडलेला दगड तुम्हाला क्वचितच दिसेल.

दगड मोडतो तो वाकताना. भिंतीतून पुढे काढलेली पायरी, दोन टेकूंवर ठेवलेला बाक, दारावरची दगडी तुळई, इथे दगडाची एक बाजू ताणली जाते, पायरीची वरची आणि बाक-तुळईची खालची, आणि ताण दगडाला फार कमी झेपतो. १२० सेंटीमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ३० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड फळी ठेवली आणि मधोमध ८० किलोचा माणूस उभा राहिला, तर फळीच्या स्वतःच्या वजनासकट तिच्या खालच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला साधारण २५ किलो ताण येतो. त्याच मानकांमध्ये वाकण्यासाठी ग्रॅनाइटची किमान क्षमता १०५ किलो आहे, संगमरवराची ७१ आणि वालुकाश्माची २५. म्हणजे ग्रॅनाइटची फळी चौपट सांभाळून घेईल आणि वालुकाश्माची अगदी काठावर असेल. तीच वालुकाश्माची फळी १० सेंटीमीटर जाड घेतली तर ताण सातच्या आसपास येतो. त्यामुळे यादीत अधांतरी दगड असेल तर त्यापुढे दगडाच्या नावाबरोबर जाडीही लिहा.

आता नमुने. प्रत्येक दगडाचे निदान तीन तुकडे मागा, तेही खाणीतल्या वेगवेगळ्या भागांतले. चकाकी दिलेली छोटी चौकट उपयोगाची नाही, कारण चकाकी भेगाही झाकते आणि भोकंही. एक बाजू तरी ताजी फोडलेली हवी. ती भिंगातून बघा, नाहीतर उन्हात तिरकी धरून बघा. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पारचे पांढरे किंवा गुलाबी दाणे चमकदार आणि कडक हवेत. त्यांवर चाकूचं टोक ओढा. ताज्या फेल्डस्पारवर चरा उठत नाही. दाणा दुधाळ, निस्तेज असेल आणि टोकाखाली भुगा निघत असेल, तर त्याची माती व्हायला सुरुवात झालेली आहे. असा दगड बहुधा खाणीच्या वरच्या, हवा-पाणी लागलेल्या थरातला असतो. पितळी रंगाचे चकचकीत कण दिसले तर तेही टिपून ठेवा. ते पायराइट असेल तर बाहेरच्या भिंतीवर त्याचे गंजाचे ओघळ येतात.

वालुकाश्मावर अंगठा जोरात घासा. बोटाला वाळू लागली तर दाण्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ दुबळा आहे. वालुकाश्माचं सगळं आयुष्य या पदार्थावर ठरतं, वाळूवर नाही. तो सिलिकाचा असेल तर दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, चुन्याचा असेल तर आम्लाने झिजतो आणि चिकणमातीचा असेल तर ओला झाला की सुटतो. ओळखायला दोन सोप्या चाचण्या आहेत. ताज्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. फेस आला तर चुना आहे. दुसरी चाचणी म्हणजे दगडाच्या बारीक चिपा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात तासभर ठेवा आणि जोरात ढवळा. पाणी गढूळ झालं तर माती आहे, आणि तो दगड जोत्याला किंवा कठड्यावर नको.

पाणी शोषण्याची चाचणी घरच्या ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर होते, फक्त घाई नको. दोन-अडीच किलोचा तुकडा घ्या, कारण लहान तुकड्यात काट्याची एका ग्रॅमची चूकही मोठी होते. ब्रशने धूळ झाडा आणि साधारण ६० अंशांवर दोन दिवस वाळवा. वजन सलग दोनदा तेवढंच भरेपर्यंत तो कोरडा समजू नका. मी एकदा नुसत्या उन्हात वाळवलेला वालुकाश्म कोरडा धरला. आत पाणी उरलेलंच होतं, त्यामुळे शोषण खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आलं आणि पायऱ्यांसाठी तोच दगड ठरला. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं तेव्हा मी तुकडा नीट वाळवून पुन्हा मोजला.

वाळलेला तुकडा ४८ तास पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, बाहेर काढा, ओलसर फडक्याने वरचं पाणी टिपा आणि लगेच वजन करा. समजा ग्रॅनाइट २६४० ग्रॅमचा २६४५ झाला, संगमरवर २७०० चा २७०३ आणि वालुकाश्म २२५० चा २३६५. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, म्हणजे ग्रॅनाइट ०.१९ टक्के, संगमरवर ०.११ टक्के, वालुकाश्म ५.१ टक्के. मानकांत मर्यादा अनुक्रमे ०.४, ०.२ आणि ८ टक्के आहेत, म्हणजे तिघेही पास. हाच फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर कोरड्या तुकड्यांवर एकेक थेंब सोडा. वालुकाश्मावरचा थेंब बघता बघता मुरतो आणि गडद डाग पसरतो. संगमरवरावरचा फुगून तसाच बसतो. ग्रॅनाइटवरच्या थेंबाभोवती थोड्या वेळाने एखादी बारीक गडद रेघ लांबवर गेलेली दिसली, तर तिथे भेग आहे.

या आकड्यांवरून संगमरवर पहिला आणि वालुकाश्म शेवटचा, असं ठरवू नका. शोषण म्हणजे आत किती पाणी गेलं एवढंच. आत गेलेलं पाणी कशाला भेटतं आणि बाहेर कसं येतं, हे त्यात नाही. संगमरवर पाणी पीत नाही, पण तो कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचा असतो आणि पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. ते वरून वाहत जाताना दगड विरघळवत नेतं. आधी चकाकी जाते, मग कोरीव कडा बोथट होतात आणि हात फिरवला की पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत लागतो. लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसा, मंद ठिपका राहील. ग्रॅनाइटवर तो राहणार नाही.

संगमरवर पातळ कापून बाहेरच्या भिंतीवर लावायचा विचार असेल तर इथे थांबून नीट ठरवा. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि तिच्या काटकोनात किंचित आक्रसतो. शेजारशेजारचे दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून रोज तापताना-निवताना ते एकमेकांना ढकलतात आणि पुरते मूळ जागी येत नाहीत. ओल असेल तर हे आणखी वाढतं. शिकागोतल्या एका ८३ मजली टॉवरला १९७० च्या दशकात इटलीतल्या करारा या गावच्या संगमरवराच्या सुमारे ४३ हजार लाद्या लावल्या होत्या, तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या. त्या वाकल्या, त्यांची ताकद घटली, आणि १९९० ते १९९२ मध्ये सगळ्या काढून पाच सेंटीमीटर जाडीचा ग्रॅनाइट लावावा लागला. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलच्या लाद्याही अशाच वाकल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या बदलून पुन्हा करारा संगमरवरच लावला, आणि तोही वाकला. संगमरवर आत वापरा, ऊन-पावसापासून लांब. तिथे त्याच्याइतका सुंदर दगड नाही.

वालुकाश्माचं पाच टक्के शोषण मात्र मला घाबरवत नाही, जर पाणी आलं तसं निघून जात असेल. त्याला मारतात क्षार. जोत्यातून चढलेलं पाणी जमिनीपासून वीतभर वर सुकतं, क्षारांचे स्फटिक छिद्रांत फुगतात आणि दगड भुकटी होऊन गळतो. याला आपण लोणा लागणं म्हणतो. म्हणून वालुकाश्म घेणार असाल तर जोत्याखाली ओल रोखणारा थर लिहून ठेवा, आणि सांध्यांना निव्वळ सिमेंट न भरता चुन्याचा मऊ मसाला. सांधा दगडापेक्षा घट्ट असला की सगळी ओल दगडातून बाहेर पडते आणि झीज दगडाची होते. प्रयोगशाळेत तुकडे देणार असाल तर कोरड्या आणि भिजलेल्या, दोन्ही अवस्थांतली ताकद मागा. भिजल्यावर ती कोरडीच्या दोन तृतीयांशांखाली गेली तर मी तो दगड पाण्याच्या जागी लावत नाही. गोठणारी थंडी पडत असेल तर गोठण्या-वितळण्याची चाचणीही हवी.

माल येण्याआधीचं शेवटचं काम पाथरवटासोबत करा. वालुकाश्म थराथरांनी बनलेला असतो. भिंतीत ते थर आडवे बसले पाहिजेत, वहीची पानं टेबलावर पडलेली असतात तसे. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर बसले की पापुद्रे एकेक करून सुटतात. कापलेल्या दगडावर थर डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून खाणीतच प्रत्येक दगडाच्या वरच्या बाजूला रंगाने बाण काढायला सांगा आणि बाण नसलेला दगड उतरवून घेऊ नका. पास झालेल्या नमुन्याचा अर्धा तुकडा स्वतःकडे ठेवा. गाडी आली की त्यातले चार-पाच दगड हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज हवा. जो बद्द वाजेल तो बाजूला काढा, आणि त्यावर थेंब सोडून भेग शोधा.