बटण दाबून एक्स्टेंडर जोडताय? नाव बदलताना या चुका टाळा

राउटर आणि त्याची वाय-फाय रेंज पुढे पोचवणारा एक्स्टेंडर या दोघांवरचं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारं बटण दाबलं की राउटर आपल्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एक्स्टेंडरला देतो. एक्स्टेंडर ते साठवून ठेवतो आणि पुढे दर वेळी त्याच्याच आधारे राउटरला जोडला जातो. बटणाचं काम एवढंच. रेंज किती मिळेल, याच्याशी बटणाचा संबंध नाही. हे लक्षात असलं की खालच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक राउटरच्या पाठीमागे होते. बऱ्याच राउटरांवर डब्ल्यूपीएस आणि रीसेट यांना एकच बटण असतं. ते क्षणभर दाबून सोडलं तर जोडणी सुरू होते, पाच-दहा सेकंद दाबून धरलं तर राउटर कोरा होतो. एक्स्टेंडर जोडला जात नाही म्हणून माणूस बटण जोर लावून दाबत राहतो आणि घरातलं चालू इंटरनेटही घालवून बसतो. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले आणि नेटवर्कचं नाव राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचं झालं, तर राउटर रीसेट झाला असं समजा. अशा वेळी इंटरनेट कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड पुन्हा टाकावा लागू शकतो आणि तो बहुतेकांकडे नसतो. म्हणून आधी बटणाजवळ काय छापलंय ते वाचा. दोन्ही शब्द एकत्र असतील, तर एक सेकंद दाबा आणि बोट काढा.

दुसरी चूक जागेची. जिथे रेंज हवी आहे त्याच खोलीत एक्स्टेंडर लावून लोक बटण दाबतात आणि खाली राउटरकडे धावतात. बटण दाबल्यापासून जोडणीची मुदत दोन मिनिटांची असते. त्यात दुसरं बटण दाबलं गेलं नाही तर खटाटोप वाया जातो. शिवाय तिथे राउटरची रेंजच पोचत नसेल, तर वेळेत दाबूनही उपयोग नाही. जोडणी राउटरच्या खोलीतच करा. आधी राउटरचं बटण, मग मिनिटाभराच्या आत एक्स्टेंडरचं. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की प्लग काढून एक्स्टेंडर राउटर आणि रेंज हवी असलेली खोली यांच्या साधारण मध्यावर लावा. साठवलेला पासवर्ड वीज गेल्यावर पुसला जात नाही, त्यामुळे पुन्हा बटण दाबावं लागत नाही. नव्या जागी सिग्नलचा दिवा लाल झाला, तर एक्स्टेंडर राउटरपासून फार लांब गेला आहे. बऱ्याच उपकरणांवर लाल दिव्याचा अर्थ हाच असतो, तरी आपल्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतील, तर मध्याच्याही थोडं अलीकडे, दरवाज्याच्या रेषेत जागा शोधावी लागते.

दोन्ही बटणं नीट दाबूनही काहीच होत नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी तपासा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीएस चालत नाही, ती डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींच्या मिश्र पर्यायावर आणावी लागते. नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तरी बटण निकामी होतं. आणि इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही फायबरच्या डब्यांमध्ये ही सोय बंद केलेली असते. तिथे बटणाचा नाद सोडून एक्स्टेंडरच्या ॲपमधून नाव-पासवर्ड टाकलेला बरा.

आता नावाकडे वळू, कारण खरा घोळ इथे होतो. समजा, खालच्या मुख्य नेटवर्कचं नाव `Tulas` आहे. बटणाने जोडल्यावर एक्स्टेंडर एकतर तेच `Tulas` नाव घेतो किंवा `Tulas_EXT` होतो, हे कंपनी आणि मॉडेलवर अवलंबून असतं. पासवर्ड मात्र राउटरचाच राहतो. तुम्हाला त्याचं नाव `Tulas_Var` करायचं आहे, म्हणजे वरच्या खोलीतला फोन नेमका कुठे जोडलाय ते कळेल. तुम्ही ब्राउझरमध्ये एक्स्टेंडरच्या सेटिंगचं पान उघडता. तिथे नावाच्या दोन चौकटी दिसतात. एक ज्या नेटवर्कला एक्स्टेंडर जोडला आहे त्याची, म्हणजे यजमान नेटवर्कची. दुसरी एक्स्टेंडर स्वतः जे नाव पसरवतो त्याची.

घाईत पहिल्या चौकटीत `Tulas_Var` लिहिलं जातं. आता एक्स्टेंडर `Tulas_Var` नावाचा राउटर शोधत बसतो. तसा राउटर घरात नाहीच, म्हणून सिग्नलचा दिवा विझतो किंवा लाल होतो. फोनला वरच्या मजल्यावर रेंजच्या पूर्ण रेघा दिसतात, पण इंटरनेट मिळत नाही. रेघा पूर्ण आणि इंटरनेट शून्य असं चित्र दिसलं की पहिला संशय याच चौकटीवर घ्या. फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातला दुवा ठीक असतो, एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातला तुटलेला असतो.

दुरुस्तीसाठी फोन एक्स्टेंडरच्याच नावाला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं फोनने विचारलं तर हो म्हणा. डेटा चालू राहिला तर फोन एक्स्टेंडरकडे न जाता बाहेरच्या इंटरनेटवर ते पान शोधतो. मग उपकरणावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. टीपी-लिंकच्या एक्स्टेंडरसाठी तो `tplinkrepeater.net` असतो. पहिल्या चौकटीत `Tulas` जसंच्या तसं लिहा, लहान-मोठी अक्षरंही तीच हवीत. `Tulas_Var` दुसऱ्या चौकटीत लिहून जतन करा. पान उघडतच नसेल, तर एक्स्टेंडर रीसेट करून पुन्हा जोडणं सोपं.

नाव बदलल्यावर फोन, टीव्ही सगळे एकदा सुटतात आणि नव्या नावाला हाताने जोडावे लागतात. याला बिघाड समजून पुन्हा डब्ल्यूपीएस बटण दाबू नका. तसं केल्यावर बऱ्याच एक्स्टेंडरवर राउटरकडून नाव नव्याने येतं आणि तुम्ही दिलेलं पुसलं जातं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जोडणी, मग जागा, सगळं स्थिर झाल्यावर नाव. एक्स्टेंडरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतील, तर दोन्हींची नावं तपासा. नाहीतर एकाचं नाव बदलतं आणि दुसरा जुन्याच नावाने राहतो.

देवनागरीत नाव द्यायची इच्छा होते, पण नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट घेतात, त्यामुळे असे दहाच घटक मावतात. काही उपकरणं तर ते स्वीकारतच नाहीत. रोमन लिपीतलं नाव त्रास कमी देतं.

वेगळ्या नावामुळे घरातली उपकरणं एकमेकांपासून तुटतील, ही भीती मात्र सोडा. साधारणपणे एक्स्टेंडर राउटरच्याच नेटवर्कचा भाग राहतो, म्हणून `Tulas_Var` वरच्या लॅपटॉपवरून `Tulas` वरचा प्रिंटर चालतो. खरी अडचण वेगळी आहे. जिना उतरताना फोन `Tulas_Var` ला चिकटून राहतो, रेंज अगदी क्षीण झाली की मगच सुटतो, आणि त्या क्षणी चालू कॉल तुटू शकतो. घरभर फिरत बोलणाऱ्यांनी दोन्हीकडे एकच नाव ठेवावं. एका जागी बसून काम करणाऱ्याला आणि वरच्या टीव्हीला वेगळं नावच सोयीचं.

पुढे कधी राउटरचा पासवर्ड बदललात, तर एक्स्टेंडरला ते आपोआप कळत नाही. तो जुनाच पासवर्ड देत राहतो आणि वरचा मजला गप्प होतो. त्याच दिवशी एक्स्टेंडरच्या पानावर यजमान नेटवर्कचा पासवर्डही बदला. बटणाने जोडलात, तर `Tulas_Var` पुन्हा लिहावं लागेल.