“अंगावरून जाते” एवढ्यावर डॉक्टरला काय कळणार? अनियमित रक्तस्राव आणि थकव्याचा मेसेज कसा लिहावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दवाखान्याच्या मोबाइलवर आलेले मेसेज आधी मी वाचते, मग ओपीडी सुरू होण्याआधी मॅडमना दाखवते. सर्वांत जास्त येणारा मेसेज साधारण असा असतो: “मॅडम, बरेच दिवसांपासून अंगावरून जाते. अशक्तपणा खूप आहे. गोळी सांगा.” यावर मॅडमना काहीच सांगता येत नाही. मग मी फोन करते, फोन मुलगा उचलतो, “आई वावरात गेली” म्हणतो, आणि दोन दिवस तसेच जातात.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. आपल्याकडे “अंगावरून जाते” म्हणजे कोणाला पांढरं जातं, कोणाला लाल. दोन्हीचे आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या. म्हणून “लाल जाते” किंवा “रक्त जाते” असं सरळ लिहा. लाजून “अडचण आहे” लिहिलं की आम्ही अंदाज बांधत बसतो.

मेसेज लिहीत बसू नये अशा वेळा

तासाला एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजतेय आणि असं दोन तास चाललंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसल्या जागी धडधडतं, तर मेसेज नको, १०८ ला फोन करा. पाळी चुकलेली असून रक्त जातंय आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, तरीही तसंच. नसबंदी झालेली असली तरी हे लागू आहे, कारण क्वचित का होईना, नसबंदीनंतरही गर्भ राहतो आणि तो नळीत असू शकतो.

बाकी सगळ्यांनी आधी कागद-पेन घ्या.

तारखा आठवायच्या कशा

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. कापूस वेचणीला जाणारी ४३ वर्षांची एक बाई थेट दवाखान्यात आली. मॅडम त्या दिवशी बाहेरगावी होत्या, म्हणून मी म्हटलं, बसा, आपण मेसेज लिहून ठेवू. तारखा विचारल्यावर ती म्हणाली, “ताई, तारीख कोण पाह्यते व? महालक्ष्मीच्या गोळ्यायनं झालं हे सारं.”

सप्टेंबरात महालक्ष्मीच्या सणासाठी तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. तारीख नाही, पण सण सगळ्यांना आठवतात. मी कॅलेंडर काढलं आणि मागून पुढे न जाता सणावरून सणावर गेले. “राखीला भावाकडे गेलात तेव्हा पाळीत होतात का?” होती, तीन दिवस आधीच सुरू झाली होती. म्हणजे १६ ऑगस्ट. “डोक्यावरून न्हालात कधी?” गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे २५ तारखेला. झाले की दहा दिवस! त्याआधी तिची पाळी पाच दिवसांची असे. म्हणजे गडबड गोळ्यांच्या आधीच सुरू झालेली होती. गोळ्यांनी भर घातली असेल, पण सुरुवात त्यांनी केली नव्हती. तिने तोंडी सांगितलं असतं तर मॅडमनाही पहिल्यांदा गोळ्यांचाच संशय आला असता.

एक गोष्ट इथे बहुतेक जणी चुकतात. डॉक्टर “शेवटची पाळी कधी आली” विचारतात तेव्हा त्यांना रक्त सुरू झाल्याचा पहिला दिवस हवा असतो, न्हाल्याचा नाही. पाळीतलं अंतरही पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. २४ ते ३८ दिवसांचं अंतर आणि आठ दिवसांपर्यंतचं रक्त एवढं सर्वसाधारण मानतात. मधे नुसता डाग दिसला तरी तो वेगळा लिहा, त्याला पाळी म्हणू नका.

किती जातंय ते कसं सांगावं

“खूप” हा शब्द कामाचा नाही. दिवसाला किती पॅड किंवा किती घड्या बदलता, रात्री उठून बदलावं लागतं का, लुगड्यापर्यंत डाग जातो का, हे लिहा. घडी वापरत असाल तर तसं सांगा, कारण जुन्या सुती लुगड्याची जाड घडी पॅडपेक्षा कितीतरी जास्त ओढते. गाठी पडत असतील तर आकार सांगायला खिशातलं नाणं आहेच. दहाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ पडत असेल तर ते ठळक लिहा. फोटो मात्र मागितल्याशिवाय पाठवू नका. मोबाइल बहुधा पोराच्या हातात असतो, आणि फोटोतून फारसं कळतही नाही.

थकव्याला माप लावा

“जीव नाही लागत कामात” हे खरं असलं तरी त्यावरून उपचार ठरत नाही. या बाईला मी विचारलं, दिवसाला कापूस किती वेचता? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हा आकडा तिच्या तोंडावर होता: मागच्या हंगामात चाळीस-बेचाळीस किलो, आता पंचवीसवर अडते. हापशीवरून दोन गुंड एका खेपेत आणायची, आता एकच आणते आणि तोही मधे टेकवते. असा फरक मॅडमना एका वाक्यात कळतो. तुमच्याकडे निंदण असेल, जिना असेल, शाळेपर्यंतची चाल असेल. आधी किती जमायचं आणि आता किती, एवढं लिहा.

सोबत दम लागणं, धडधड, पायांवर सूज आहे का तेही लिहा. आणि माती, खडू, कच्चे तांदूळ खावंसे वाटतात का? हे सांगायला बायका लाजतात, पण अंगात लोह कमी झाल्याची ती जुनी खूण आहे. या बाईने आधी “नाई व” म्हटलं, मग जाता जाता सांगितलं की तांदूळ निवडताना मूठभर तोंडात जातेच.

पोटात गेलेलं सगळं

महालक्ष्मी, लग्न, सत्यनारायण, कशासाठीही पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर कधी सुरू केल्या, रोज किती, कधी बंद केल्या ते लिहा. मेडिकलमधून परस्पर आणल्या म्हणून मॅडम रागावतील ही भीती सोडा. या गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्त येतं, ते अपेक्षित आहे. पण गोळ्यांचं डॉक्टरला माहिती नसलं तर त्या रक्ताचा हिशोब चुकतो. तांबी, दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, झाडपाल्याचं औषध, सगळं यात येतं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील तर किती मिळाल्या हे नको, किती पोटात गेल्या ते लिहा. आमच्या या बाईने तीसपैकी आठ घेतल्या होत्या. शौच काळी झाली, तिला वाटलं आतून रक्त जातंय, आणि पाकीट फळीवर गेलं. लोहाच्या गोळीने शौच काळसर होते. डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर मात्र सांगावं.

सिकलसेल विसरू नका

सिकलसेल हा घराण्यातून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात त्याबद्दल विचारायलाच हवं. घरात किंवा माहेरी कोणाकडे सिकलसेलचं कार्ड आहे का, तुमची तपासणी कधी झाली का, ते लिहा. सिकलसेलमध्ये रक्त कमी होण्याचं कारण लोह नसू शकतं, आणि अंगावरचं रक्त थांबवायच्या काही औषधांत रक्ताच्या गुठळीचा धोकाही डॉक्टरला तोलावा लागतो. तपासणी झालेली नसेल तर “झाली नाही” एवढंही पुरे.

शेवटी तयार झालेला मेसेज

तिच्याच मुलाच्या मोबाइलवरून पाठवायचा होता. त्यामुळे एक ओळ आम्ही मुद्दाम झाकून लिहिली. मेसेज पाठवून झाल्यावर तो मोबाइलमधून काढून टाकला.

> नमस्कार मॅडम. वय ४३, दोन बाळंतपणं, नसबंदी २००९.
> त्रास: चार महिन्यांपासून अनियमित रक्त जाते, थकवा वाढत आहे.
> रक्त: १६ ते २५ ऑगस्ट (१० दिवस). १५ ते २५ सप्टेंबर (११ दिवस, गाठी). ४ ते ६ ऑक्टोबर फक्त डाग. १३ ते २१ ऑक्टोबर (९ दिवस). ६ ते २० नोव्हेंबर (१५ दिवस). २९ नोव्हेंबरपासून आज ५ डिसेंबरपर्यंत चालू. जुलैपर्यंत २८-३० दिवसांनी यायची, ५ दिवस राहायची.
> प्रमाण: जास्तीच्या दिवशी ६ पॅड, रात्री दोनदा उठते. दहाच्या नाण्याएवढ्या गाठी. आज ३ पॅड.
> थकवा: कापूस ४० किलो वेचायची, आता २५. पाणी आणताना दम लागतो. कच्चे तांदूळ खाते. चक्कर नाही.
> औषध: पाळी लांबवायच्या गोळ्या ७ ते १२ सप्टेंबर, रोज २. लोहाच्या ८ गोळ्या.
> तपासणी: हिमोग्लोबिन ८.४ (नोव्हेंबर, शिबिर). सिकलसेल तपासणी झाली नाही, भावाच्या मुलाला आहे. बीपी, शुगर, थायरॉइड तपासलेले नाही.
> एक गोष्ट समोर सांगायची आहे.
> विचारायचे आहे: कधी येऊ? तोवर काही घ्यावे का? फोन दुपारी १ ते २ मध्ये करावा.

बेरीज केली तेव्हा मीच दचकले. १५ सप्टेंबर ते ५ डिसेंबर हे ८२ दिवस, त्यातले ४५ दिवस ती रक्तात होती. आणि यातल्या बहुतेक दिवशी ती वेचणीलाही गेली होती. बिनगरोदर बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढे हवं.

रिपोर्टचा फोटो काढाल तर उजेडात, कागद सपाट ठेवून, नाव आणि तारीख दिसेल असा काढा. अर्धा कापलेला फोटो आला की परत तोच फोन, परत तेच “आई वावरात गेली.” आवाजी मेसेज शक्यतो टाळा, मॅडम तो चार पेशंटांसमोर कसा ऐकणार?

उत्तरात काय मिळेल

मेसेजवरून आजार ठरत नाही, तशी अपेक्षा धरू नका. गर्भपिशवीत गाठ असेल, थायरॉइड असेल, पाळी जायच्या आधीची गडबड असेल, पिशवीचं अस्तर जाड झालं असेल, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मेसेजवरून ठरतं ते किती लवकर यायचं आणि येताना काय आणायचं.

मॅडमचं उत्तर त्याच रात्री आलं: “उद्याच या, सोमवारची वाट पाहू नका. गरोदरपणाची तपासणी, रक्ताच्या तपासण्या, सिकलसेल आणि सोनोग्राफी करू. वय चाळिशीपुढे आहे, त्यामुळे अस्तराचा नमुनाही घ्यावा लागेल. मेडिकलमधून रक्त थांबवायची गोळी घेऊ नका. सोबत कोणाला तरी आणा, पण तपासताना त्यांना बाहेर बसवू. तुमची ती एक गोष्ट तेव्हा सांगा.”

ती जावेला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. आत गेल्यावर मॅडमनी आधी दार लावून घेतलं आणि विचारलं, “संबंध आल्यावर रक्त जातं का?” ती म्हणाली, “हो, उन्हाळ्यापासून.” मग मॅडमनी सोनोग्राफीच्या आधी पिशवीचं तोंड तपासायला घेतलं.