लोगोचे कोपरे का उडतात: आयकॉनच्या ६६ डीपीचा हिशेब

लोगो डिझाइनच्या फायलीत छान दिसतो, तुमच्या फोनवरही छान दिसतो, आणि मग टेस्टरचा स्क्रीनशॉट येतो: चारही कोपरे उडालेले. टीममध्ये नव्या अॅपचे आयकॉन माझ्याकडे तपासायला येतात, आणि नवीन मुलामुलींच्या फायलींत हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

आधी मांडणी समजून घ्या. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉन दोन थरांचा असतो: मागे बॅकग्राउंड, पुढे फोरग्राउंड. दोन्ही थर १०८ × १०८ डीपीचे. लाँचर त्यातला मधला ७२ डीपीचा भाग घेतो आणि त्यावर आपल्या आकाराचा मास्क लावतो. तो गोल असेल, गोलसर चौकोन असेल, नाहीतर थेंबासारखा असेल. ते फोन ठरवतो, तुमचं अॅप नाही. चारही बाजूंची १८ डीपीची पट्टी आयकॉन हलताना होणाऱ्या इफेक्टसाठी राखलेली असते, एरवी ती दिसतच नाही. कोणताही मास्क आला तरी हमखास शाबूत राहतं ते मधोमध असलेलं ६६ डीपी व्यासाचं वर्तुळ. यालाच सेफ झोन म्हणतात.

घोळ होतो तो ‘वर्तुळ’ हा शब्द नजरेतून सुटल्यामुळे. “६६ च्या आतच ठेवलाय,” असं सांगणाऱ्याची फाइल उघडली की आत ६६ × ६६ चा चौकोन निघतो. त्या चौकोनाचा कोपरा मध्यापासून जवळजवळ ४७ डीपीवर असतो आणि गोल मास्क ३६ वरच संपतो. मग कोपरा राहणार कसा? ६६ च्या वर्तुळात जेमतेम ४६ डीपी बाजूचा चौकोन मावतो. चौकोनी मास्कच्या फोनवर मात्र हाच ६६ चा लोगो बिनधोक दिसतो, म्हणून स्वतःच्या फोनवर पाहून खात्री होत नाही.

म्हणून रुंदी-उंची नव्हे, कर्ण मोजा. समजा लोगो १०० × ६० च्या चौकटीत काढलाय. त्याचा कर्ण साधारण ११६.६. ६६ ला ११६.६ ने भागलं की ०.५६६ येतं, थोडी मोकळीक ठेवून ०.५६ धरा. लोगो आता ५६ × ३३.६ डीपीचा झाला आणि कर्ण ६५.३, म्हणजे वर्तुळाच्या आत. मध्यावर आणायला डावीकडून (१०८ − ५६) ÷ २ = २६ आणि वरून (१०८ − ३३.६) ÷ २ = ३७.२ सरकवायचं. वेक्टर ड्रॉएबलचा व्ह्यूपोर्ट १०८ × १०८ ठेवून लोगोचे सगळे पाथ या ग्रुपमध्ये घाला:

```xml
<group
    android:scaleX="0.56"
    android:scaleY="0.56"
    android:translateX="26"
    android:translateY="37.2">
    <!-- लोगोचे path इथे -->
</group>
```

हा हिशेब कोपऱ्यापर्यंत भरलेल्या लोगोसाठी आहे. पान, त्रिकोण किंवा तारा असेल तर चौकटीचे कोपरे रिकामेच असतात आणि कर्णाच्या हिशेबाने लोगो उगाच बारका होतो. तिथे मध्यापासून सगळ्यात लांबचा बिंदू शोधा. तो ३३ डीपीच्या आत असला की झालं. लांबलचक नाव लिहिलेला लोगो मात्र कसाही बसवला तरी वाचता येत नाही. अशा वेळी मी सरळ पहिलं अक्षर किंवा चिन्ह मागून घेते, मग क्लायंट थोडा रुसला तरी चालेल.

दुसरी ओळखीची तक्रार: “गोलाच्या आत पांढरा चौकोन दिसतोय.” तेव्हा समजायचं की फोरग्राउंडची पीएनजी पारदर्शक नाही, लोगोसोबत पांढरी पाटीही एक्सपोर्ट झालीय. रंग बॅकग्राउंडच्या थरात जातो, आणि तो थर १०८ च्या कडेपर्यंत पूर्ण भरलेला हवा. गोल कोपरे, सावली, किनार आपण काढायचीच नाही. आपण काढलेला गोल कोपरा आणि लाँचरचा मास्क एकमेकांशी कधीच जुळत नाहीत.

तपासायला फोनांचा ढीग लागत नाही. डिझाइनच्या फायलीत लोगोवर ६६ आणि ७२ व्यासाची दोन वर्तुळं काढून ठेवा. अँड्रॉइड स्टुडिओच्या इमेज अॅसेटच्या खिडकीत वेगवेगळ्या आकारांचे प्रिव्ह्यू दिसतात, तिथे गोल आधी बघा. कोपऱ्यांच्या बाबतीत तोच सगळ्यात कडक. मग एमुलेटरवर अॅप टाकून होम स्क्रीनवर एकदा पाहून घ्या.

अँड्रॉइड १३ पासून थीमच्या रंगातल्या आयकॉनसाठी `monochrome` नावाचा तिसरा थरही देता येतो. त्यालाही तोच १०८ चा कॅनव्हास आणि तोच सेफ झोन, त्यामुळे वरचा ग्रुप आकड्यांसकट तसाच वापरा. फक्त लोगो एकरंगी करा. रंगांच्या फरकावरच उभा असलेला लोगो तिथे नुसता ठिपका होतो, आणि त्यासाठी आतल्या रेषा मोकळ्या सोडून वेगळं चित्र काढावं लागतं.